आजेसासूबाईंच्या अंगठीतले माणिक: फोटो कुठपर्यंत सांगतो?

*आजेसासूबाईंची माणकाची अंगठी वाटणीत माझ्याकडे आली आहे. अंगठी १९३५-४० च्या सुमारास घडवलेली आणि खडा ब्रह्मदेशचा, थिबा राजाच्या काळात रत्नागिरीत आलेला, असे घरात सगळे सांगत आले आहेत. धाकटे दीर म्हणतात की ती काच आहे. आमच्या सराफांनी भिंगातून पाहून “खडा माणकाचाच आहे” असे सांगितले, पण लिहून द्यायला ते तयार नाहीत. पाच फोटो पाठवत आहे. खडा खरा आहे का, हे त्यावरून सांगाल का? तसे असेल तर त्याची किंमत धरून वाटणी करायची आहे. — एक वाचक, सातारा*

सप्रेम नमस्कार.

खडा काचेचा असण्याची शक्यता मला आपल्या फोटोंवरून फार कमी वाटते. तो निसर्गात घडलेला आहे असेही मी म्हणू शकत नाही, कारण तिसऱ्या फोटोत असे काही दिसते आहे की ज्यामुळे तो कारखान्यात वाढवलेले माणिक असावा असा दाट संशय येतो. संशय हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरला आहे. त्याची खात्री करण्याचा एक टप्पा आपण घरीच पार पाडू शकता आणि दुसरा टप्पा प्रयोगशाळेतच पार पडेल. तोपर्यंत खड्याची किंमत वाटणीत धरू नका, खरी मानूनही नाही आणि शून्य मानूनही नाही.

आधी काचेचा विषय संपवू. उन्हात काढलेल्या दुसऱ्या फोटोत खड्याच्या पैलूंच्या कडा अगदी धारदार दिसतात. वरच्या सपाट पैलूच्या आठही कोपऱ्यांवर कुठे झीज नाही. घरातल्या साध्या धुळीत गारगोटीचे बारीक कण असतात आणि गारगोटीचा कठीणपणा दहाच्या मापात सातच्या आसपास असतो. काच साडेपाचाच्या आसपास, तर माणिक नऊ. काचेचा खडा बोटातल्या अंगठीत इतकी वर्षे वापरला गेला असता, तर त्याच्या कडा गोलावल्या असत्या आणि वरचा पैलू धुरकट झाला असता. नोटा तपासण्याच्या जांभळ्या दिव्याखाली काढलेल्या पाचव्या फोटोत खडा निखाऱ्यासारखा लाल उजळलेला आहे, आणि क्रोमियममुळे लाल झालेले माणिक असेच उजळते. काही काचाही त्या दिव्याखाली उजळतात, म्हणून हा पुरावा एकटा पुरेसा नाही. पण कडा, उजळणे आणि सराफांनी प्रत्यक्ष पाहून दिलेले मत ही तिन्ही एकाच बाजूला झुकतात. लाल स्पिनेल नावाचे वेगळे रत्नही त्या दिव्याखाली असेच उजळते. ब्रिटिश राजमुकुटातले ‘ब्लॅक प्रिन्सचे माणिक’ हे प्रत्यक्षात स्पिनेल आहे, तेव्हा ही गफलत राजघराण्यांतही शतकानुशतके चालली. मात्र माणिक की स्पिनेल हा प्रश्न प्रयोगशाळेत काही मिनिटांत सुटतो, म्हणून तो इथे बाजूला ठेवतो.

सराफांनी “माणकाचाच आहे” असे सांगितले आणि लिहून देण्याचे टाळले, यात मला लबाडी दिसत नाही. माणिक म्हणजे अॅल्युमिनियमचा ऑक्साइड आणि त्यात किंचित क्रोमियम. खाणीतले माणिक आणि कारखान्यात वाढवलेले माणिक यांचे रसायन, कठीणपणा, घनता, प्रकाश वळवण्याचे प्रमाण हे सगळे सारखेच असते. दुकानातले प्रकाशाचे वळण मोजणारे यंत्र दोन्हींना १.७६ ते १.७७ हाच आकडा दाखवते. म्हणजे आपल्या सराफांचे विधान खरे असूनही आपल्या प्रश्नाचे उत्तर त्यात नाही. खडा दुधात टाकून दूध गुलाबी दिसते का ते पाहणे, त्यावर फुंकर मारून वाफ किती वेळ टिकते ते पाहणे, काचेवर ओरखडा काढणे, या घरगुती परीक्षाही याच कारणाने निकामी ठरतात. ओरखड्याने तर पैलूची कडा टवका उडून जाऊ शकते, तेव्हा ते मुळीच करू नका.

आता मुख्य गोष्ट. भिंगातून काढलेल्या तिसऱ्या फोटोत, खड्याच्या खालच्या डाव्या बाजूला, चार-पाच फिकट रेघा दिसतात. त्या सरळ नाहीत. सगळ्या एकाच बाजूला वाकलेल्या आहेत, उभ्या चिरलेल्या कांद्यात पापुद्र्यांच्या कडा दिसतात तशा. त्यांच्या जवळच दोन बारीक ठिपके आहेत, कडेला काळे आणि मध्ये उजळ.

या वाकड्या रेघांना इतके महत्त्व का, ते सांगतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ऑग्यूस्त व्हेर्नेई यांनी माणिक तयार करण्याची आपली पद्धत १९०२ साली जाहीर केली. त्यात अॅल्युमिनियम ऑक्साइडची बारीक पूड, क्रोमियमसह, ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या ज्योतीतून खाली पडू देतात. दोन हजार अंशांपेक्षा जास्त तापमानाला ती वितळते आणि खाली फिरत्या टोकावर थेंबाथेंबाने साचत जाते. साचणाऱ्या गोळ्याचा माथा घुमटासारखा गोल असतो, म्हणून प्रत्येक थर त्या घुमटाचा आकार घेतो आणि पुढे खडा कापल्यावर ते थर आत वाकड्या रेघांच्या रूपाने राहतात. वितळलेल्या थेंबांत वायू अडकला तर त्याचे बुडबुडे होतात. जमिनीत वाढणाऱ्या स्फटिकाची बाजू मात्र सपाट असते. तिच्यावर चढणारे थरही सपाट असतात आणि त्यांच्या रेघा सरळ धावून ठरावीक कोनात वळतात. निसर्गातले माणिक गोल घुमटावर वाढत नाही, त्यामुळे वाढीची वाकडी रेघ खड्याच्या आत खरोखरच असेल, तर तेवढ्याने प्रश्न निकालात निघतो.

‘खरोखरच आत असेल तर’ ही अट मात्र फोटोच्या बाबतीत फार मोठी आहे. तिसऱ्या फोटोतल्या रेघा तीन वेगळ्या कारणांनीही आलेल्या असू शकतात. पैलू घासताना राहिलेले ओरखडे हे पहिले कारण. ते खड्याच्या पृष्ठभागावर असतात आणि एका पैलूवरून दुसऱ्यावर जाताना त्यांची दिशा बदलते. आपल्या फोटोत दोन रेघा पैलूची कडा ओलांडून तशाच पुढे गेल्यासारख्या वाटतात, पण कडेजवळ फोटो धूसर आहे. दुसरे कारण म्हणजे भिंगाच्या गोल काठाचे प्रतिबिंब. तेही वाकडेच दिसते. तिसरे कारण मोबाइलचे: आजचे फोन फोटो काढताच त्यातल्या कडा आपणहून ठळक करतात आणि बारीक पोतात नसलेल्या रेघा उमटवतात, आणि पुढे व्हॉट्सअॅपवर पाठवताना फोटो दाबला जातो तेव्हा त्यात आणखी भर पडते. ठिपक्यांचेही तसेच. पृष्ठभागावर बसलेला धुळीचा कण भिंगाखाली हुबेहूब बुडबुड्यासारखा दिसतो, आणि आतला एकच बुडबुडा मागच्या पैलूंत प्रतिबिंबित होऊन चार ठिकाणी दिसतो.

यावर उपाय सोपा आहे. अंगठी कोमट पाण्यात सौम्य साबण घालून लहान मुलांच्या मऊ ब्रशने धुवा आणि मऊ सुती कापडाने पुसा. लिंबू, चिंच, सोडा यांपैकी काही वापरू नका. त्याचे कारण पुढे येईल. काचेच्या उथळ वाटीत स्वच्छ पाणी घ्या, वाटीच्या तळाखाली पांढरा कागद ठेवा आणि कागदाच्या खालून टॉर्चचा उजेड येऊ द्या, म्हणजे उजेड मऊ होऊन सर्वत्र सारखा पसरेल. अंगठी पाण्यात बुडाली की वरच्या पैलूंचे चमचमणे बरेच कमी होते आणि नजर आत जाऊ लागते. दहा पट मोठे दाखवणारे भिंग फोनच्या कॅमेऱ्याला टेकवून धरा आणि अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा. त्यात फोन स्थिर ठेवून अंगठी चिमट्याने हळूहळू फिरवा. रेघा खड्याबरोबर फिरल्या तर त्या खड्याच्या. जागच्या जागी राहिल्या तर भिंगाच्या किंवा फोनच्या. ठिपक्यासाठी फोकस पुढेमागे करून पाहा: पैलूच्या कडा स्पष्ट असताना ठिपका धूसर, आणि ठिपका स्पष्ट झाल्यावर कडा धूसर, असे झाले तर तो वरच्या पृष्ठभागावरचा कण नव्हे. व्हिडिओ ई-मेलने मूळ स्वरूपात पाठवा. अंगठीचे कोंदण मागून उघडे आहे, हे चौथ्या फोटोत दिसते, म्हणूनच हे शक्य आहे. बंद कोंदणात खड्याखाली चकाकीसाठी पत्रा घातलेला असतो आणि अशा खड्याच्या आतले फोटोत जवळजवळ काहीच वाचता येत नाही.

आपल्या पहिल्या दोन फोटोंवरून रंगाविषयी मी काहीही लिहिलेले नाही, ते मुद्दाम. पहिला फोटो पिवळ्या दिव्याखाली आहे. दुसऱ्यात अंगठी लाल पदरावर ठेवलेली आहे आणि पदराचा लाल रंग खड्याच्या खालच्या पैलूंतून वर आलेला दिसतो. शिवाय फोन प्रत्येक वेळी रंगाचा समतोल आपल्या हिशेबाने बदलतो. ‘कबुतराच्या रक्ताचा रंग’ असे वर्णन लिहून ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या खड्यांचे फोटो पाहून लोक मोठमोठ्या रकमा मोजतात, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण फोटोतला लाल रंग हा पुरावा होऊच शकत नाही. पाचव्या फोटोतल्या उजळण्याचेही तेच. व्हेर्नेईच्या पद्धतीचे माणिक सहसा खाणीतल्या माणकापेक्षा अधिक जोरात उजळते हे खरे. पण अंधारात फोन आपणहून उजेड वाढवून घेतो, म्हणून फोटोवरून तो जोर मोजता येत नाही.

समजा, व्हिडिओत वाकड्या रेघा दिसल्याच नाहीत. तर खडा नैसर्गिक ठरेल का? ठरणार नाही, आणि फोटोच्या पुराव्यातला हा एकतर्फीपणा आपण दिरांनाही अवश्य सांगावा. फोटो एखाद्या खड्याला कृत्रिम म्हणून पकडू शकतो, पण नैसर्गिक म्हणून प्रमाणित करू शकत नाही. रेघा फिकट असतात. उजेडाची दिशा चुकली किंवा खडा भलत्या कोनातून पाहिला तर त्या दिसत नाहीत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बाजारात आलेली, द्रावणात सावकाश वाढवलेली माणके तर आणखी फसवी असतात. त्यांच्यात वाकड्या रेघा नसतातच, आणि आत अडकलेल्या द्रावकाचे पडदे नैसर्गिक माणकातल्या बोटाच्या ठशासारख्या नक्षीशी इतके मिळतेजुळते असतात की जाणकाराचीही नजर फसते. काही लोक व्हेर्नेईचा खडा तापवून थंड द्रवात बुडवतात, म्हणजे त्यात भेगा पडतात आणि तो ‘दोष असलेला, म्हणून अस्सल’ वाटू लागतो. दोष दिसतो म्हणजे खडा खरा, ही आपल्याकडची पक्की समजूत नेमकी इथे ग्राहकाला बुडवते.

उलट बाजूने झालेली माझी स्वतःची एक चूकही सांगतो, कारण ती आपल्या ठिपक्यांशी थेट संबंधित आहे. काही वर्षांपूर्वी एका वाचकांनी माणकाच्या पदकाचे दोन फोटो पाठवले होते. एकात तीन-चार स्पष्ट बुडबुडे होते. ते पाहून मी खडा कृत्रिम असल्याचे कळवले. त्यांनी तरीही तो तपासून घेतला आणि प्रयोगशाळेने सांगितले की खडा खाणीतलाच आहे, पण भेगांनी भरलेला हलक्या प्रतीचा, आणि त्या भेगांत शिशाची काच वितळवून भरलेली आहे. बुडबुडे त्या भरलेल्या काचेत होते. दुसऱ्या फोटोत भेगेच्या बाजूने निळसर झाक दिसत होती, ती या काचेची खूणच होती; मी मात्र ती कॅमेऱ्याने कडेला आणलेली रंगाची किनार समजून सोडून दिली. आता मी एक गोष्ट न चुकता पाहतो: कॅमेऱ्याची किनार सोन्याच्या कडेलाही दिसते, आणि काचेची झाक फक्त खड्याच्या आत, एका भेगेच्या पातळीत दिसते व खडा थोडा कलवला की नाहीशी होते किंवा नारिंगी होते. त्या वाचकांना मी चुकीचे कळवले होते आणि त्यांनी माझ्यावर विसंबून तपासणी टाळली असती, तर ती चूक कधीच उघड झाली नसती.

शिशाच्या काचेने भरलेली अशी माणके २००४ च्या सुमारास बाजारात येऊ लागली, आणि आज स्वस्तात मिळणाऱ्या मोठ्या माणकांत त्यांचा भरणा आहे. ही काच लिंबाच्या रसानेही खराब होते आणि सोनाराच्या ज्योतीने तर हमखास. वर लिंबू-चिंच नको म्हणालो ते यासाठी. आपल्या अंगठीत मूळचाच खडा असेल तर हा प्रकार संभवत नाही, कारण अंगठी त्याच्या कितीतरी आधीची आहे. पण खडा मूळचाच आहे, हे कशावरून? अंगठी कधी दुरुस्तीला दिली होती का, खडा कधी निखळला होता का, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. चौथ्या फोटोत खडा धरणाऱ्या चार नख्यांपैकी एक इतरांपेक्षा जाड आणि कमी झिजलेली दिसते. ती नंतर बसवलेली असू शकते. हा पुरावाही फोटोतलाच आहे, तेव्हा त्याला तितकेच वजन द्या. सराफ ती नखी भिंगाखाली पाहून डाक लावल्याची खूण आहे का ते लगेच सांगतील.

घरातल्या आठवणीविषयी थोडे. थिबा राजे १८८६ पासून १९१६ साली मृत्यू होईपर्यंत रत्नागिरीत नजरकैदेत होते आणि ब्रह्मदेशातल्या मोगोकच्या खाणी माणकांसाठी प्रसिद्ध आहेत, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यावरून आपला खडा त्यांच्याकडून आला असे सिद्ध होत नाही, आणि आला नसेल असेही सिद्ध होत नाही. तारखांकडे मात्र लक्ष द्या. व्हेर्नेईची पद्धत जाहीर झाली तेव्हापासून आपली अंगठी घडेपर्यंत तीस-पस्तीस वर्षे लोटली होती आणि त्या काळात कृत्रिम माणके जगभरच्या दागिन्यांत आणि घड्याळांत सर्रास बसवली जात होती. ‘जुनी अंगठी, म्हणजे खडा खाणीतला’ हे अनुमान १९०० च्या आधीच्या दागिन्याला बऱ्यापैकी लागू पडते, १९३५ च्या अंगठीला पडत नाही. आजेसासूबाईंना किंवा त्यांच्या वडिलांना कोणी फसवले असा अर्थही यातून काढू नका. त्या काळी विकणाऱ्यालाही अनेकदा फरक ठाऊक नसे.

व्हिडिओत वाकड्या रेघा खड्याबरोबर फिरताना स्पष्ट दिसल्या, तर तपासणीवर खर्च करायचा की नाही हे आपण ठरवा. अशा खड्याला बाजारभाव फारसा नसतो आणि वाटणीत सोन्याचे वजन धरले तरी कोणावर अन्याय होणार नाही. दिसल्या नाहीत, किंवा दिसल्यासारख्या वाटल्या पण खात्री झाली नाही, तर अंगठी मुंबईतील जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया किंवा जयपूरची आयआयजीजे रिसर्च अँड लॅबोरेटरीज सेंटर, म्हणजे पूर्वीची जेम टेस्टिंग लॅबोरेटरी, यांसारख्या स्वतंत्र प्रयोगशाळेत द्या. विक्री करणाऱ्या दुकानाचे स्वतःचे प्रमाणपत्र या कामी चालणार नाही. खडा काढून न्यायची घाई करू नका. कोंदणातला खडाही तपासला जातो, फक्त वजन अंदाजे लिहिले जाते. नख्या उघडायची वेळ आलीच तर ते काम जुन्या अंगठ्यांचा हात असलेल्या कारागिराकडूनच करून घ्या.

अहवाल आल्यावर खड्याच्या नावापाशी थांबू नका. ‘नैसर्गिक माणिक’ असे लिहिले असले तरी शेऱ्याच्या ओळीत उष्णता दिल्याची चिन्हे आहेत की नाहीत आणि भेगा भरलेल्या आहेत की नाहीत, हे लिहिलेले असते आणि किमतीतला सगळ्यात मोठा फरक तिथेच पडतो. उष्णता दिली आहे का, हे तर कोणत्याही फोटोतून ओळखता येत नाही. प्रयोगशाळेलाही त्यासाठी सूक्ष्मदर्शक आणि अवरक्त किरणांचे यंत्र लागते. अहवालात रुपयांतली किंमत सहसा नसते. ती अहवाल हातात ठेवून दोन वेगवेगळ्या जवाहिऱ्यांकडून लेखी घ्या.

आणि व्हिडिओ काढाल तेव्हा दिरांनाही समोर बसवून घ्या. भिंग आधी त्यांच्या हाती द्या, रेघा कुठे शोधायच्या तेवढे सांगा, आणि काय दिसते ते त्यांनाच बोलू द्या.